शनिवारी तेवढं नाही जमणार

सप्टेंबर २०२४ मधल्या शेवटच्या मंगळवारी रात्री पावणेदहाला भाचीचा फोन आला. ती पुण्यात एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करते. टॅक्स ऑडिटचे रिपोर्ट अपलोड करायची मुदत ३० सप्टेंबर होती. मुदतीला सहा दिवस उरले होते आणि ऑफिसमध्ये अजून चौदा फायली पडून होत्या. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ती हळू आवाजात बोलत होती.

"मावशी, त्याने विचारलं गं."

'तो' कोण, हे मला विचारावं लागलं नाही. अभ्यासिकेत ओळख झालेला मुलगा. चार महिने त्याचं नाव घेताना हिचा आवाज बदलत होता, आणि त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज दोघींनाही लागत नव्हता. आता त्याने स्वतः होऊन मेसेज पाठवला होता : शनिवारी रात्री साडेनऊचं नाटक आहे, येशील का? शनिवारी २८ तारीख. त्या दिवशी साडेनऊला ती ऑफिसातच असणार होती, याबद्दल शंकाच नव्हती. तिने उत्तर टाइप करून ठेवलं होतं, ते वाचून दाखवलं : "अरे सॉरी ना, शनिवारी खूप काम आहे. नंतर बघू कधीतरी." आणि विचारलं, "पाठवू?"

मी म्हटलं, थांब.

का थांब म्हटलं, ते सविस्तर सांगण्यासाठी हा लेख आहे. तिच्या त्या दोन वाक्यांत खोटं काहीच नव्हतं. काम होतं, वाईट वाटत होतं, नंतर भेटायची इच्छाही होती. पण ती दोन वाक्यं वाचून त्या मुलाने जो अर्थ घेतला असता तो एकच होता : हिला यायचं नाही. आणि तसा अर्थ घेण्यात त्याची काहीही चूक झाली नसती.

'बघू' या शब्दाचं आपल्याकडे काय होतं ते पाहा. वर्गणी मागायला आलेल्या मंडळाच्या पोरांना आपण 'बघू' म्हणतो. विमा विकायला आलेल्याला 'बघू' म्हणतो. मनात नसलेल्या स्थळाची गोष्ट कुणी काढली, की आई-वडील 'बघू' म्हणतात. या तिन्ही ठिकाणी समोरचा माणूस होकार समजून परत जात नाही. त्याला कळतं. त्याच्या जोडीला 'कधीतरी' आलं, की उरलीसुरली आशाही संपते. वारही नाही आणि तारीखही नाही, असा तो काळ आहे. 'नाही' हा शब्द न उच्चारता नाही म्हणायची ही आपली नेहमीची, सभ्य पद्धत आहे आणि ती सगळ्यांना समजते.

हे फक्त मराठीत घडतं असं नाही. माणसं बोलताना नेमकं काय करतात, याचा ध्वनिमुद्रणावरून बारकाईने अभ्यास करणारी एक ज्ञानशाखा आहे. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ, अनिता पोमेरान्ट्झ ही त्यातली मोठी नावं. त्यांच्या अभ्यासातून एक गोष्ट वारंवार दिसली. होकार चटकन आणि थोडक्यात येतो. नकार रेंगाळत येतो. आधी थोडं थांबणं, मग 'अगं', 'अरे', 'खरं तर', मग एखादं कौतुक किंवा दिलगिरी, मग कारण. प्रत्यक्ष 'नाही' बहुतेक वेळा येतच नाही. सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली याच आधारावर एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. मुलींना 'स्पष्ट नाही म्हणायला शिका' असं सांगितलं जातं, पण रोजच्या व्यवहारात कुणीच सहसा तसं तोंडावर नाही म्हणत नाही आणि तरीही नकार सगळ्यांना कळतो. त्यामुळे 'मला कळलंच नाही' हा पुरुषांचा बचाव टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा मुद्दा नको असलेल्या माणसाला नाही म्हणण्याबद्दल होता. मला त्याची दुसरी बाजू इथे महत्त्वाची वाटते. आडवळणाचा नकार जर इतका सहज कळत असेल, तर जिच्या मनात नकार नाही तिनेही त्याच साच्यात उत्तर दिलं तर तोही नकार म्हणूनच कळणार. 'सॉरी ना, काम आहे, नंतर बघू' हा साचा तयार आहे. त्यात कुणीही आपलं मन ओतलं तरी बाहेर नकारच पडतो.

याच्या मुळाशी आपल्या भाषेतलं एक क्रियापद आहे. आपण 'मी येणार नाही' असं क्वचितच म्हणतो. 'मला जमणार नाही' असं म्हणतो. 'येणार नाही' यात माझी इच्छा आली, माझा निर्णय आला. 'जमणार नाही' यात इच्छेचा पत्ताच नाही. जमणं किंवा न जमणं हे परिस्थितीच्या हाती, मी आपली बाजूला उभी. म्हणूनच तर तो शब्द सौम्य लागतो आणि कुणाचं मन दुखत नाही. पण त्याची किंमत अशी, की इच्छा होती की नव्हती हे समोरच्याला अजिबात समजत नाही. ज्याला इच्छा नव्हती तोही 'जमणार नाही' म्हणतो, आणि जिचा जीव तुटतोय तीही तेच म्हणते. तेव्हा इच्छा सांगायची असेल तर तिच्यासाठी वेगळं वाक्य खर्च करावं लागतं. 'जमणार नाही' या वाक्यात ती मावत नाही.

हे सांगितल्यावर भाचीने जे विचारलं ते बहुतेक जणी विचारतात. "पण मावशी, त्याला खरंच वाटत असेल तर तो परत विचारेल ना?"

माझा सगळ्यात मोठा विरोध या वाक्याला आहे. हे वाक्य पंगतीतून आलंय. आपल्याकडे पंगतीत पहिल्यांदा 'नको' म्हणायचं असतं. वाढणारा जिलबीचं ताट घेऊन उभा राहतो, आपण पानावर हात आडवा धरतो, तो म्हणतो 'एक तरी', आपण म्हणतो 'अहो नको, खूप झालं', आणि तिसऱ्या वेळी हात बाजूला होतो. यजमानाला आग्रह करता यावा आणि पाहुणा हावरट दिसू नये, अशी ही दोघांची सोय होती. पहिला नकार खरा नाही, हे दोघांना ठाऊक असायचं. प्रेमाच्या बाबतीतही पिढ्यान् पिढ्या हाच हिशेब लावला गेला. मुलीने आधी नाहीच म्हणायचं, मुलाने चिकाटी दाखवायची, मग तिने विरघळायचं. किती सिनेमे या एका समजुतीवर चालले!

या समजुतीने किती मुलींना छळ सोसावा लागला ते आपण पाहिलं आहे. म्हणूनच २०१३ साली पाठलागाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारं कलम भारतीय दंड संहितेत आलं. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवल्यावरही जवळीक वाढवण्यासाठी पुरुषाने तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा त्यात गुन्हा आहे. कॉलेजांत, ऑफिसांत मुलांना हे सांगितलं जातं आणि सांगायलाच हवं. एका चांगल्या घरातल्या, विचारी मुलाने यातून काय शिकायचं? एकदा विचार. नकार आला, कारण काहीही असो, तर गप्प बस. तिला अडचणीत टाकू नकोस.

मग 'वाटत असेल तर परत विचारेल' या परीक्षेत पास कोण होणार? ज्याने हे शिकून घेतलं नाही तो. नकाराला भीक न घालणारा. आणि नापास कोण होणार? तुमच्या शब्दाचा मान ठेवणारा. आपल्याला जसा माणूस हवा तसाच गाळून टाकणारी ही चाळणी आहे. मी हे भाचीला फार शांतपणे सांगू शकले नाही. कारण माझ्या पिढीतल्या दोघीतिघींनी अशीच वाट पाहिलेली मी जवळून पाहिली आहे. त्यांना वाटलं त्याने विचारलं नाही, आणि त्याला वाटलं तिने नाही सांगितलं. दोघांचंही म्हणणं खरं होतं.

आग्रह आता गेला, आणि जायलाच हवा होता. पण आग्रह जे काम करायचा ते कुणीतरी करायला हवं. ते काम आता नाही म्हणणाऱ्याकडे आलं आहे. ज्याने बोलावलं त्याने आपला पाय पुढे टाकलाय. त्याने पुन्हा विचारणं आता बरं दिसत नाही. त्यामुळे पुढचं बोलावणं ज्याने नकार दिला त्याच्याकडूनच गेलं पाहिजे, आणि ते त्याच निरोपात गेलं पाहिजे. दोन दिवसांनी पाठवू म्हटलं तर मधले दोन दिवस तो नकारासोबत घालवतो.

हे मुलींपुरतं नाही. मुलीने बोलावलं आणि मुलाला जमत नसेल तर त्यालाही हेच लागू. किंबहुना मुलगी विचारायला किती धीर करते हे पाहता त्याने तर उत्तराला तासभरही लावू नये.

उत्तराला किती वेळ लावायचा हा प्रश्न लहान वाटतो, पण तसा नाही. नकार रेंगाळत येतो हे वर सांगितलंच. समोरासमोर बोलताना क्षणभराची शांतता पुरते. फोनवर ती शांतता निळ्या खुणांत दिसते. मेसेज वाचल्याच्या खुणा निळ्या झाल्या, 'टायपिंग' असं दिसलं, नाहीसं झालं, पुन्हा दिसलं. एवढ्यात त्याने ओळखलेलं असतं. भाची पाऊण तास हेच करत होती. मी तिला म्हटलं, आधी एवढंच पाठव : "वाचलं. एकदम छान वाटलं. दहा मिनिटांत नीट सांगते." तिने पाठवलं. आता उत्तर नाही असलं तरी त्याआधी आनंद पोचला होता.

मग आम्ही दिवस शोधायला बसलो. तिचं म्हणणं, १ ऑक्टोबरला भेटू म्हणते, तेव्हा मी मोकळी होईन. मला ते पटलं नाही. एक तर आठवडा मध्ये जातो. दुसरं, प्राप्तिकर खात्याच्या मुदती शेवटच्या क्षणी वाढतात हे तिनेच मला दोन वर्षांत दहा वेळा सांगितलं होतं. मुदत वाढली की तिची मोकळीकही पुढे सरकणार आणि तिला दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागणार. पहिला नकार माणूस समजून घेतो. आपणच दिलेला दिवस आपणच मोडला, की त्यापुढे कितीही खरं कारण सांगितलं तरी त्याचा उपयोग होत नाही. म्हणून सुचवायचा तो दिवस समोरच्याला आवडेल असा शोधण्याआधी आपल्याला शंभर टक्के पाळता येईल असा शोधायचा. स्वतःची सोय पाहण्यात स्वार्थ नाही. त्या दिवसाचा भरवसा आपल्याच सोयीवर उभा असतो.

"तुझं ऑफिस किती वाजता?"

"दहाला."

"आणि सकाळी?"

सकाळ तिच्या डोक्यातच नव्हती. नाटकाला बोलावलंय म्हणजे बदल्यात नाटकाएवढंच काहीतरी द्यावं, अशी तिची कल्पना. पण समोरच्याला तीन तास हवे नसतात, तू भेटायला तयार आहेस का हे हवं असतं. पंधरा दिवसांनंतरच्या जेवणापेक्षा परवाचा अर्ध्या तासाचा चहा ते जास्त स्पष्ट सांगतो. गुरुवारी सकाळी आठ वाजता, कर्वे रस्त्यावर ऑफिसच्या अलीकडचं अमृततुल्य. साडेनऊपर्यंत ती मोकळी. फायली असोत, साहेब असोत, सकाळी आठला तिला कुणी अडवू शकत नव्हतं.

आता शब्द. तिचा दुसरा मसुदा अकरा ओळींचा झाला. त्यात थ्रीसीडी फॉर्म होता, पोर्टल बंद पडत असल्याची हकिकत होती, सुट्टीवर गेलेली सहकारी होती. सगळं खरं, पण जसजशी कारणं वाढतात तसतसा माणूस स्वतःचा बचाव करतोय असं वाटू लागतं. एक कारण पुरतं, आणि ते एका वाक्यात संपलं पाहिजे. 'सॉरी'ही मी काढायला लावलं. शनिवारी काम असणं हा अपराध नाही. 'मलाही भेटायला आवडेल' असं तिने लिहिलं होतं, तेही बदललं. ते इंग्रजीतून आलेलं, समारंभातलं वाक्य आहे. आपण घरात, मैत्रिणीशी असं बोलत नाही. आपण म्हणतो, 'मला भेटायचंय.'

आणि एक शब्द घातला, 'तेवढं'. 'शनिवारी नाही जमणार' आणि 'शनिवारी तेवढं नाही जमणार' यांत केवढा फरक आहे! पहिल्यात दार बंद झालं. दुसऱ्यात फक्त शनिवार बाजूला काढला, बाकी सगळे दिवस तसेच राहिले. 'च' लागला असता, 'नाहीच जमणार' झालं असतं, तर उलटं घडलं असतं. मराठीत अशी एकेका अक्षराची सोय आहे आणि आपण ती वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

अखेर गेलं ते असं : "शनिवारी तेवढं नाही जमणार, तीस तारखेपर्यंत ऑडिटमुळे रात्री दहा वाजतात सुटायला. पण मला भेटायचंय. गुरुवारी सकाळी आठला चहाला येशील? कर्वे रस्त्याला, साडेनऊपर्यंत मोकळी आहे मी."

तिला पुढे एक वाक्य घालायचं होतं : "तू माझ्यासाठी थांबू नकोस, दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जा." त्याने दोन तिकिटं काढली असतील तर वाया जाऊ नयेत, ही तिची काळजी. हेतू चांगला, पण त्या मुलाने ते कसं वाचलं असतं? दुसऱ्या मुलीकडे बघ, असं. मी म्हटलं, तिकिटाची काळजी असेल तर तिकिटाबद्दलच बोल. तिने शेवटी जोडलं : "तिकिटं काढली असतील तर मित्राला ने, आणि गुरुवारी मला सांग ते नाटक आपण कधी बघायचं." नाटकाचं बोलावणंही त्यामुळे जिवंत राहिलं.

कधीकधी अडचण दिवसाची नसते, बोलावण्याची असते. रात्रीची वेळ नको असते, कुणाच्या खोलीवर जायचं नसतं, वसतिगृहाचं दार दहाला बंद होतं, घरी अजून काही सांगितलेलं नसतं. तिथे खोटं काम पुढे करू नये. 'रात्रीचं नको, दिवसा भेटू. रविवारी अकराला?' एवढं सांगितलं की माणूस हवा आहे आणि वेळ नको आहे हे वेगळं कळतं. खोटं कारण दिलं तर तो पुढच्या वेळी पुन्हा रात्रीचंच विचारेल, आणि पुन्हा नवं खोटं शोधावं लागेल. खरं सांगितल्यावर जो हिरमुसतो किंवा वाद घालतो, त्याच्याबद्दल तेव्हाच कळलेलं बरं.

मुलीने स्वतःहून दिवस सुचवला तर ती सवंग दिसते, असं अजूनही ऐकू येतं. मला हे मान्य नाही. विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देणं यात सवंग काय आहे? गळ्यात पडणं वेगळं. ते टाळायची सीमारेषाही साधी आहे : दिवस एकदा सुचवायचा. त्याला तो जमला नाही आणि त्याने दुसरा दिला, तर पुढे चालायचं. त्याने 'बघू' म्हटलं, तर ते आपण इतरांचं जसं ऐकतो तसंच ऐकायचं आणि तिथे थांबायचं. जो नियम आपल्या 'बघू'ला तोच त्याच्या 'बघू'ला.

आणि मनात नसेल तर दुसरा दिवस सुचवूच नये. दया म्हणून, वाईट दिसू नये म्हणून 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणणं हे मला नकारापेक्षा क्रूर वाटतं. तो माणूस पुढच्या आठवड्याची वाट पाहतो. त्याला 'बोलावलंस ते बरं वाटलं, पण मला तसं वाटत नाही' असं सांगणं जड जातं, तरी तेच सांगावं. तारीख हे इच्छेचं चिन्ह म्हणून चालायचं असेल तर इच्छा नसताना ती कुणी देता कामा नये.

निरोप समजला आहे की नाही, हे उत्तरावरून ओळखता येतं. 'ओके, नो प्रॉब्लेम' एवढंच आलं, तर त्याने फक्त नकार वाचला आहे, पुढचं वाचलंच नाही. तेव्हा मनाला लावून न घेता एकदा सरळ विचारावं : 'गुरुवारचं काय ते सांग.' भाचीला तसं विचारावं लागलं नाही. चार मिनिटांत उत्तर आलं : "आठला. साखर कमी."

आपण मराठी माणसं घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं की आजी दारातून परत बोलवायची आणि 'येते' म्हणायला लावायची. पाऊल बाहेर पडत असतानाही परत येणार आहे हे तोंडाने म्हणायची सवय आपल्याला आहे. भाचीला मी तेच करायला सांगत होते, फक्त वारासकट.

बुधवारी पुण्यात धो-धो पाऊस झाला. गुरुवारी, २६ तारखेला, पंतप्रधान मेट्रोच्या उद्घाटनाला येणार होते, तो दौरा पावसामुळे रद्द झाला. सकाळी सातला त्या मुलाचा मेसेज आला, "रस्ते खराब आहेत, राहू दे का आज?" हिने लिहिलं, "रेनकोट आहे. येते." आठ वाजून पाच मिनिटांनी ती भिजलेले बूट घेऊन अमृततुल्यात पोचली होती.

रविवारी, २९ सप्टेंबरला, टॅक्स ऑडिटची मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली. १ तारखेला ती रात्री साडेदहापर्यंत ऑफिसातच होती.